फोटोतला कोड रेषांचा की चौकोनी, आणि त्यात काय मावते

औषधाच्या खोक्याचा फोटो हाती असतो, पण त्यावरील कोडमधून मुदत कळेल की नाही, हे समजत नाही.

१. कोडवरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवावी. प्रत्येक आडव्या पट्टीत रेषांची रचना तीच राहत असेल, तर तो रेषीय बारकोड होय. दुकानातील मालावर बहुधा ईएएन-१३ असतो. त्यात केवळ १३ अंकी वस्तुक्रमांक मावतो, त्यामुळे किंमत किंवा मुदत त्यात शोधणे व्यर्थ आहे.

२. रचना दोन्ही दिशांनी बदलत असेल, तर तो मॅट्रिक्स कोड समजावा. तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असल्यास तो क्यूआर असतो. लगतच्या दोन कडा सलग काळ्या आणि उरलेल्या दोन तुटक असल्यास डेटा मॅट्रिक्स. यांत अक्षरेही मावतात, म्हणून औषधांवरील डेटा मॅट्रिक्समध्ये पुष्कळदा वस्तुक्रमांकासह (०१), मुदत (१७) आणि बॅच (१०) नोंदलेली असते. कंसातील अंक म्हणजे त्या-त्या माहितीआधी येणारी खूण; म्हणून वाचलेल्या मजकुरात `17270331` दिसल्यास १७ नंतरचे अंक वर्ष, महिना, दिवस असे वाचून मुदत ३१ मार्च २०२७ समजावी.

सावधगिरी एवढीच, की एकावर एक रचलेल्या ओळींचा पीडीएफ४१७ लांबून रेषीयच भासतो. फोटो मोठा करूनच निर्णय घ्यावा.