स्क्रीनशॉटमधल्या तक्त्याची सरासरी काढताना

बेळगाव भागात दूध संकलनाच्या हिशेबाला नवीन लागलेल्यांसाठी हे लिहितोय. गावाकडून एक्सेलची फाईल क्वचितच येते, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो. त्यातले आकडे पुन्हा टाईप करायचे, सरासरी आणि टक्केवारी काढायची, आणि ती दुपारच्या आत पुढे पाठवायची. आकडे टाईप करणं सोपं असतं. घोळ होतो तो भागायचं कितीने, यावर.

एक नमुना घ्या. उचगाव सकाळ ४०, संध्याकाळ ३२. येळ्ळूर सकाळ ३६, संध्याकाळचा रकाना कोरा. कडोलीच्या दोन्ही ओळी मर्ज करून मध्ये एकच ६४.

हे ६४ दोन्ही वेळचं मिळून, की प्रत्येक वेळचं? आधी खालची बेरीज बघा. आपल्याकडचे तक्ते बरेचदा कन्नडमध्ये असतात, तेव्हा ‘ओट्टु’ लिहिलेली ओळ शोधायची. तिथे १७२ असेल तर ६४ एकदाच धरलंय, २३६ असेल तर दोनदा. बेरजेची ओळ फोटोत कापली गेली असेल, तर पाठवणाऱ्यालाच विचारा. पाठवणाऱ्याने हे आकडे सिलेक्ट केलेले असले तरी एक्सेलच्या सगळ्यात खालच्या पट्टीवरून ते ठरत नाही, ती ६४ नेहमी एकदाच धरते:

```
Average: 43   Count: 4   Sum: 172
```

मर्ज केलेल्या जागेत आकडा फक्त वरच्या सेलमध्ये असतो, खालचा सेल रिकामाच. AVERAGE रिकामे सेल मोजत नाही, म्हणून इथे १७२ ला ४ ने भागलं गेलं. पण कडोलीचं दूध दोन वेळचं आहे! येळ्ळूरची नोंद यायची राहिली असेल तर वेळा पाच, सरासरी ३४.४. त्या संध्याकाळी दूधच आलं नसेल तर वेळा सहा आणि सरासरी २८.७. कोऱ्या रकान्याचा अर्थ फोटो सांगत नाही, तो येळ्ळूरला फोन करूनच कळतो. सूत्रात भाजक स्वतः लिहा:

```
=SUM(B2:B7)/5
```

कधी कोऱ्या जागी डॅश असतो. मग Count ५ दाखवतं, पण सरासरी ४३ च राहते, कारण डॅश हा मजकूर आहे. १७२ ला ४३ ने भागून ४ आले की ओळखायचं, आकडे चारच आहेत, पाचवा डॅश आहे.

६४ चे ३२-३२ करून टाकायचा मोह होतो. एकूण सरासरीला त्याने फरक पडत नाही, पण सकाळची वेगळी सरासरी मागितली की ते ३२ खोटे ठरतात. तिथे कडोली वगळायची: ४० आणि ३६, सरासरी ३८, आणि शेजारी ‘कडोली वगळून’ अशी टीप.

टक्केवारीत भाजकाची ही भानगड येत नाही. १७२ मध्ये उचगाव ४१.९, येळ्ळूर २०.९, कडोली ३७.२ टक्के, बेरीज १००. मात्र येळ्ळूरची राहिलेली नोंद नंतर आली तर तिन्ही आकडे बदलतात, म्हणून तोवर पाठवताना वर ‘तात्पुरते’ लिहा.