कॅरमेल कागदाला का चिकटत होतं

माझं कॅरमेल कापताना नीट वाटायचं, पण रात्रभरात पसरून कागदाला चिकटायचं. थर्मामीटर तर 119 अंश दाखवत होता. शेवटी तो उकळत्या पाण्यात धरला, तर 102! समुद्रसपाटीला तिथे 100 हवं. म्हणजे मिश्रण खरं 117 लाच उतरत होतं आणि त्यात पाणी जास्त राहत होतं.

आता 121 दिसलं की गॅस बंद. त्याआधी थेंबभर मिश्रण गार पाण्यात सोडून बघतेच. गोळी बाहेर काढल्यावर आकार धरून राहिली, पण दाबल्यावर चेपली, की झालं. काढताच बसकी झाली तर अजून थोडं उकळायचं. शेवटी आच मंदच हवी, नाहीतर बघताबघता पुढे जातं आणि वड्या दगड होतात.

कापायचं पूर्ण गार झाल्यावरच. सुरीला तेलाचा हात लावून सरळ खाली दाबते. करवतीसारखी ओढली की कडा ताणल्या जातात. तुकडे उघडे ठेवत नाही, कारण साखर हवेतला ओलावा ओढते आणि वरून पुन्हा चिकट होते. दमट दिवसात तर फारच लवकर. कापलं की लगेच बटर पेपरमध्ये गुंडाळून दोन्ही टोकं पिळायची. साधा कागद मात्र नको, तो सोलून काढावा लागतो.