इफ्तारीच्या ताटाचे मॅक्रो मोजताना या चुका टाळा

रमजानमध्ये दोन वर्षं मी रोज कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये इफ्तारी लिहीत होतो आणि रोज आकडा साधारण साडेचारशे कॅलरीवर थांबत होता. तीन खजूर, कलिंगड आणि केळं, कांदाभजी, गुलाबाच्या सरबताचं गोड दूध. दिवसभराच्या उपाशीपोटी एवढंच जातंय म्हटल्यावर वजन उतरायला हवं होतं. ते जागचं हललं नाही. तिसऱ्या वर्षी मी अम्मीच्या मागे वजनकाटा घेऊन उभा राहिलो आणि तेच ताट पहिल्यापासून मोजलं, मॅक्रोसकट, म्हणजे प्रथिनं, कर्बोदकं आणि चरबी किती ग्रॅम हे बघत. बेरीज 780 च्या आसपास आली. खाण्यात काहीच बदल नव्हता, चुका सगळ्या मोजण्यात होत्या.

पहिली चूक वेळेची. मगरिबची अजान झाल्यावर दस्तरखानावर कुणी वजनकाटा काढत नाही आणि काढूही नये. त्या घाईत माणूस अंदाजाने लिहितो किंवा रात्री आठवून लिहितो, आणि आठवणीतून नेमकं तेल आणि साखर गळते. मोजायचं ते असरनंतर, स्वयंपाक चालू असताना, आणि तेही सगळ्या घराचं मिळून. पीठ किती, कांदा किती, दूध किती हे कच्चं मोजून ठेवलं की नंतर फक्त वाटणी करायची. आमच्या घरी खाणारे चौघे, म्हणून खालचे आकडे चौघांच्या हिशेबाने आहेत.

भजीतलं तेल

सगळ्यात मोठा खड्डा इथे आहे. मी ॲपमध्ये बेसन आणि कांदा लिहायचो, तेल लिहायचोच नाही, कारण ते कढईत होतं, ताटात नव्हतं. आपाने एकदा उलटं केलं. कढईत ओतलेलं सगळं तेल रेसिपीत टाकलं आणि प्रत्येकाच्या वाट्याला हजाराच्या वर कॅलरी आल्या. दोन्ही चूक. खरा आकडा म्हणजे भजीने जेवढं तेल प्यायलं तेवढाच, आणि तो कुठल्याही तक्त्यात तयार मिळत नाही. घरच्या कढईचा घरीच काढावा लागतो.

काढायची रीत सोपी आहे. तेल ओतल्यावर, गॅस पेटवण्याआधी, कढईसकट वजन करा. आमचं 1480 ग्रॅम भरलं. सगळे घाणे काढून झाले की तळाशी राहिलेला चुरा झाऱ्याने गोळा करून बाहेर काढा. तो आत राहिला तर त्याचं वजन तेलात धरलं जातं आणि भजीने कमी तेल प्यायल्यासारखं दिसतं. कढई पूर्ण गार झाल्यावर पुन्हा वजन करा. आमचं 1398 भरलं, म्हणजे 82 ग्रॅम गेलं. भजी ज्या टिश्यू पेपरवर निथळली तो आधी 6 ग्रॅम होता, नंतर 13. ते 7 ग्रॅम वजा केले. राहिले 75 ग्रॅम, तेवढं तेल भजीत.

आता बाकीचं. बेसन 150 ग्रॅम, सोललेला कांदा 250 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात 100 ग्रॅम चणाडाळीत सुमारे साडेएकवीस ग्रॅम प्रथिनं, 47 ग्रॅम कर्बोदकं आणि 5 ग्रॅम चरबी दिली आहे. त्या हिशेबाने कांद्यासकट पूर्ण घाण्याला प्रथिनं 36, कर्बोदकं 94 आणि चरबी तेलासह 84 ग्रॅम. चौथा हिस्सा केला तर एकाच्या वाट्याला प्रथिनं 9, कर्बोदकं साडेतेवीस, चरबी 21 आणि कॅलरी 320 च्या जवळ. तेल न धरता हीच भजी 148 कॅलरीची दिसत होती. म्हणजे अर्ध्याहून जास्त ऊर्जा त्या न लिहिलेल्या तेलात होती.

भज्यांचे नग मोजून मात्र भागत नाही. अम्मीचा हात एकदा मोठा पडतो, एकदा लहान. सगळी तळलेली भजी एकत्र तोलायची, आमची 440 ग्रॅम झाली, आणि त्यातून आपल्या ताटातली किती ग्रॅम हे बघायचं.

हा तेलाचा आकडा रोज सारखा राहत नाही, हेही ध्यानात ठेवा. तळताना पिठातलं पाणी वाफ होऊन जोरात बाहेर येत असतं, तोवर तेलाला आत शिरायला फारशी जागा नसते. भजी बाहेर काढली की ती वाफ थंडावते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून कढईवरच झाऱ्यात दोनदा झटकून काढलेली आणि जाळीवर पसरलेली भजी, थेट ताटात ढीग केलेल्या भजीपेक्षा कमी तेलकट लागते. सोडा जास्त पडला, पीठ पातळ झालं किंवा आच मंद राहिली की तेल वाढतं. मी तीन वेगळ्या दिवशी मोजलं आणि आमच्या घरचा ठोकताळा धरला, 100 ग्रॅम बेसनाच्या भजीला 50 ग्रॅम तेल. तुमचा वेगळा निघेल. एकदा निघाला की रोज कढई तोलायची गरज नाही.

तेलाच्या बाबतीत आणखी एक बारीक चूक होते. पिशवीवर 1 लिटर लिहिलेलं असतं आणि माणूस 1000 ग्रॅम धरतो. लिटरभर तेल सुमारे 910 ग्रॅम भरतं. मापाच्या कपाने मोजत असाल तर मिलिलिटर आणि ग्रॅम एकमेकांच्या जागी लिहू नका.

गोड दुधातलं सरबत

दुधात हीच गफलत उलट्या बाजूने होते, कारण सरबत पाण्यापेक्षा बरंच जड असतं. या घट्ट गुलाबी सरबतात साधारण 65 टक्के साखर धरायला हरकत नाही, आणि एवढ्या दाट पाकाचं 30 मिलिलिटर वजनाला जवळजवळ 40 ग्रॅम भरतं. त्यात साखर 26 ग्रॅम. बाटलीवरचा तक्ता 100 ग्रॅमचा असेल आणि तुम्ही ओतलेले मिलिलिटर तसेच त्यात बसवले, तर चौथा हिस्सा साखर हिशेबातून निसटते. आधी तक्ता कशाचा आहे ते वाचा, मग बाटलीच काट्यावर ठेवा. ओतण्याआधीचं वजन वजा ओतल्यानंतरचं, एवढं पुरे.

आमच्या दुधाच्या जगमध्ये 800 मिलिलिटर टोन्ड दूध, 120 मिलिलिटर सरबत आणि वर चार चमचे साखर पडते. अम्मीचा चमचा शिगोशीग असतो, त्यात 6 ग्रॅम साखर भरली. सपाट चमच्यात 4 ग्रॅमच मावते. चौघांत वाटलं तर एका वाट्याला प्रथिनं साडेसहा, चरबी 6 आणि कर्बोदकं साडेएकेचाळीस ग्रॅम, कॅलरी 246. मी ॲपमध्ये नुसतं 200 मिलिलिटर दूध लिहीत होतो, 118. दूध पिशवी बदललीत तर चरबीही बदलते. टोन्डमध्ये ती 3 टक्के असते, फुल क्रीममध्ये 6.

ग्लास मोजून वाटणी करू नका. बर्फ आणि भिजलेला सब्जा घातला की त्याच जगातून पाच-सहा ग्लास निघतात. पूर्ण जगाची बेरीज काढा आणि आपण त्यातला कितवा हिस्सा प्यायलो ते लिहा. तरावीहहून परत आल्यावर फ्रीजमधला उरलेला अर्धा ग्लास घेतला असेल तर तोही त्याच हिशेबात.

खजूर आणि फळं

"3 खजूर" हे माप नाही. बारीक, सुक्या जातीच्या खजुराचा गर 7 ग्रॅम असतो, मोठ्या मेदजूलचा 24. म्हणजे तीन खजुरांतून, तंतू धरून, कर्बोदकं 16 ग्रॅमही येतील आणि 54 ग्रॅमही. ॲपने माझ्यासाठी बारीक जात धरली होती. आमचे तीन खजूर बियांसकट 36 ग्रॅम भरले, खाऊन झाल्यावर बिया तोलल्या त्या 4 ग्रॅम. राहिला 32 ग्रॅम गर, त्याच्या कॅलरी 88. बिया नंतर तोलता येतात, त्यामुळे रोजा सोडताना काहीच अडत नाही.

फळांत कलिंगडाची फोड सालीसकट तोलणं एवढी एकच मोठी चूक, ती टाळली की झालं. 200 ग्रॅम गर आणि 80 ग्रॅम सोललेलं केळं मिळून कर्बोदकं 30 ग्रॅम, कॅलरी 128.

बेरीज जुळत नसेल तर

माझ्या पूर्ण ताटाची बेरीज अशी: कर्बोदकं 116, प्रथिनं साडेअठरा, चरबी 27 ग्रॅम. आता पडताळा घ्या. कर्बोदकं आणि प्रथिनं यांना 4 ने, चरबीला 9 ने गुणा. 464, 74 आणि 243, मिळून 781. वेगवेगळ्या पदार्थांच्या कॅलरी (88, 128, 319, 246) मिळवल्या तरी तेच यायला हवं. पाच-दहा कॅलरींचा फरक सोडून द्या. पन्नासच्या वर गेला तर कारण बहुधा दोनांपैकी एक असतं.

एक म्हणजे तंतू. आपल्या 2017 च्या तक्त्यात कर्बोदकांतून तंतू आधीच वजा केलेले आहेत. अमेरिकी तक्त्यात, आणि त्यावर चालणाऱ्या बऱ्याच ॲपमध्ये, ते कर्बोदकांतच धरलेले असतात. 100 ग्रॅम खजुराची 75 ग्रॅम कर्बोदकं तिथली, त्यातले 8 ग्रॅम तंतू. बेसन एका तक्त्यातून आणि खजूर दुसऱ्यातून घेतला तर आधी तंतू काढून दोघांना एका पातळीवर आणा. वरच्या बेरजेत मी सगळीकडे तंतू वगळले आहेत.

दुसरं म्हणजे एकक. आपला तक्ता ऊर्जा किलोज्यूलमध्ये देतो. चणाडाळीपुढे 1377 दिसलं तर दचकू नका, 4.184 ने भागा, 329 कॅलरी येतात.

घरात कुणाला मधुमेह असेल तर या ताटातली 116 ग्रॅम कर्बोदकं हा आकडा डॉक्टरांना रमजान लागण्याआधी दाखवा. औषधाची किंवा इन्सुलिनची मात्रा आणि वेळ ते ठरवतील, आपण घरी ठरवायची नाही. 41 ग्रॅम एकट्या दुधाच्या ग्लासात आहेत आणि 21 खजुरात, हेही सांगा, कारण ती पटकन रक्तात उतरतात.

बाजारातून पट्टी समोसे आणता त्या दिवशी घरचा तेलाचा ठोकताळा लावू नका. कढई, पीठ, सारण सगळं परकं असतं. समोसा तोला, ॲपमधल्या तळलेल्या खिमा समोशाच्या दोन-तीन नोंदी 100 ग्रॅममागे ताडून पहा, ज्यात चरबी जास्त आहे ती घ्या आणि नोंदीपुढे "अंदाज" असं लिहून ठेवा. महिनाअखेरीला आकडे चाळताना तो दिवस वेगळा ओळखू येतो.