रांगड्या कांद्याआधी ताग: कधी गाडायचा आणि युरिया किती कमी करायचा

निफाड, येवला, चांदवड, सिन्नर भागात जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला हिरवळीच्या खतासाठी पेरलेला ताग ऑगस्टच्या मध्यावर कळीवर येतो. त्याच शेतात सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात रांगडा कांदा लावायचा असेल, तर हेच आठ दिवस महत्त्वाचे आहेत. बरेच जण ताग पुरुषभर उंच होऊन पिवळ्या फुलांनी भरेपर्यंत थांबतात. हिरवा पाला जास्त मिळतो हे खरे, पण नत्र त्या प्रमाणात वाढत नाही. नत्र मुख्यतः पानांत आणि कोवळ्या शेंड्यात असते. फुलोरा सरकला की खालची पाने गळतात, खोडात वाख धरतो आणि काडी जून होते. अशी काडी कुजवणारे जिवाणू स्वतःसाठीच जमिनीतले नत्र ओढतात आणि नव्या लागणीची पात पिवळी पडते.

म्हणून दिवस मोजण्यापेक्षा झाड बघा. साधारण ४५ ते ५० दिवसांत शेंड्याला कळ्या दिसतात आणि दहातल्या एखाद्या झाडाला फूल उमलते, तेव्हा गाडावा. खोड मधोमध वाकवून पाहा. ते कचकन मोडले तर वेळ योग्य आहे. मोडल्यावर साल दोरीसारखी लांब सोलत आली, तर उशीर झाला असे समजा.

आता नत्राचा हिशोब. शेतात चांगली, मध्यम आणि विरळ अशा चार जागी एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखा, त्यातला ताग जमिनीलगत कापा आणि लगेच वजन करा. समजा चारही जागांची सरासरी १.८ किलो आली. एकर म्हणजे ढोबळमानाने ४००० चौरस मीटर, तेव्हा हिरवा पाला झाला ७२०० किलो. त्यातला अर्धा किलो बारीक कापून, पाने चुरगळेपर्यंत कडक वाळवा. १०० ग्रॅम उरले, म्हणजे कोरडा भाग पाचवा हिस्सा, एकरी १४४० किलो. कळीवरच्या हिरव्यागार तागाच्या कोरड्या वजनात सुमारे अडीच टक्के नत्र धरता येते. म्हणजे ३६ किलो. ताग फिकट, पिवळसर असेल तर दोन टक्केच धरा. मुळावरच्या गाठी फोडूनही बघा. आतून गुलाबी असतील तर हवेतले नत्र खरोखर बांधले गेले आहे. हिरवट-तपकिरी असतील, तर तागाने बरेचसे नत्र जमिनीतूनच घेतले आहे.

हे ३६ किलो पूर्ण वजा करू नका. पहिल्या पिकाला त्यातले निम्मे मिळते, बाकीचे सेंद्रिय रूपात जमिनीत राहते. म्हणजे काळ्या जमिनीत १८ किलो. हलक्या मुरमाड जमिनीत आणि गाडल्यावर मोठा पाऊस झाला असेल तर एक तृतीयांश, म्हणजे १२ किलोच धरावे, कारण विरघळलेले नत्र खाली झिरपते आणि कांद्याची उथळ मुळे तिथे पोहोचत नाहीत. कांद्याला हेक्टरी १०० किलो, म्हणजे एकरी ४० किलो नत्र धरले, तर काळ्या जमिनीत खतातून २२ किलो द्यायचे राहते. ते सुमारे ४८ किलो युरियातून मिळते, म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीपेक्षा थोडे जास्त. डीएपी किंवा मिश्रखत देणार असाल तर त्यातले नत्रही यातून वजा करा. कपात लागवडीच्या हप्त्यात करा, कारण कोवळा ताग सुरुवातीच्या आठवड्यांतच बरेच नत्र सोडतो. ४५ दिवसांनंतर मात्र युरिया टाकूच नये, त्याने मान जाड होते आणि जोड कांदा वाढतो.

गाडताना जमिनीत ओल हवी. पावसाने ताण दिला असेल तर आधी पाणी द्या, वाफसा आला की रोटाव्हेटरने १०-१५ सेंटिमीटर खोलीत मिसळा. खोल नांगरटीत हिरवा पाला हवेविना सडतो. भाताच्या चिखलणीत धैंचा गाडून लगेच लावणी चालते, कांद्यात नाही. इथे चार आठवडे हवेतच, नाहीतर अर्धवट कुजलेल्या पाल्यावर वाढणारी बुरशी रोपांची मर करते. तीन आठवड्यांनी खणून बघा. काडी बोटात चुरली आणि वास मातीचा आला तर वाफे बांधा. काडी चिवट किंवा वास आंबट असेल तर आठवडाभर थांबा. जून ताग गाडावाच लागला, तर गाडताना एकरी १०-१५ किलो युरिया मिसळा, सहा आठवडे द्या आणि कांद्याच्या खतातून नत्र वजा करू नका.

एका कडेच्या दोन वाफ्यांना पूर्ण ४० किलोच्या हिशोबाने खत द्या. लागवडीनंतर ३० दिवसांनी त्यांची पात बाकीच्या शेतापेक्षा गर्द दिसली, तर उरलेल्या हप्त्यात एकरी १५ किलो युरिया वाढवा. फरक दिसला नाही तर ठरलेलाच हप्ता पुरेसा आहे.