क्राउनचं मार्जिन आखूड आलं? मेटलला दोष देण्याआधी या चुका टाळा

खालच्या पहिल्या दाढेचा निकेल-क्रोम क्राउन. कास्टिंग बाहेर काढलं, डायवर बसवलं आणि गालाकडच्या बाजूचं मार्जिन आखूड दिसलं. लॅबमध्ये लगेच ठरतं की मेटल कमी तापलं, आणि पुढच्या वेळी ते जास्त तापवलं जातं. खरी चूक इथेच होते. आधी ती कड भिंगाखाली पाहा, तीही सँडब्लास्टिंग करण्यापूर्वी, कारण त्यानंतर पृष्ठभागाची खूण पुसली जाते.

कड धारदार आहे, पण कमी पडते? मग दोष वॅक्स पॅटर्नचा. मेटलने वॅक्सची हुबेहूब नक्कल केली आहे. वॅक्समधला ताण हळूहळू सुटतो आणि मार्जिन डायपासून उचललं जातं. म्हणून पॅटर्न रात्रभर ठेवू नका. मार्जिन पुन्हा वितळवून नीट बसवा आणि लगेच इन्व्हेस्ट करा.

आमच्या उदाहरणातली कड मात्र गोलसर होती आणि चकाकत होती. ही अपुऱ्या बर्नआउटची ओळखीची खूण. साच्यात उरलेल्या वॅक्सच्या कार्बनपासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्यामुळे मेटलवर ऑक्साइड चढत नाही, म्हणून चमक राहते. शिवाय तो वायू मेटलला टोकापर्यंत जाऊ देत नाही. रिंग सुरुवातीला स्प्रूचं तोंड खाली करून ठेवावी, म्हणजे वॅक्स वाहून जातं. नंतर उलटी करावी, म्हणजे आत हवा पोचते. फर्नेसमध्ये रिंगा दाटीने ठेवल्या तर हवा खेळत नाही. फॉस्फेट-बाँडेड इन्व्हेस्टमेंटसाठी अंतिम तापमान साधारण 850 ते 950 अंश सेल्सिअस असतं, पण ते गाठल्यावर रिंग तिथे पुरेसा वेळ ठेवणंही तितकंच गरजेचं आहे. नेमका वेळ पाकिटावर दिलेला असतो. मोठ्या किंवा जास्त रिंगा असतील तर तो वाढवा. स्प्रूच्या तोंडात काळसरपणा दिसत असेल तर कास्टिंग करू नका.

घाई भरून काढायला तापमान मात्र झपाट्याने वाढवू नका. साच्याला तडे जातात, त्यांत मेटल शिरतं आणि क्राउनला पातळ पाती फुटतात.

कड गोल आहे आणि क्राउनच्या आतल्या बाजूला खळगे आहेत, तर साच्यातली हवा बाहेर पडू शकली नाही असं समजा. पॅटर्नच्या वर इन्व्हेस्टमेंटचा थर जाड झाला असावा. तो 6 मिलिमीटरच्या आत ठेवा, आणि फॉस्फेट-बाँडेडमध्ये त्याहूनही कमी.

आतल्या बाजूला बारीक गोळ्या दिसल्या तर त्या पॅटर्नला चिकटलेल्या हवेच्या बुडबुड्यांच्या आहेत. इन्व्हेस्टमेंट व्हॅक्यूममध्ये घोटा. आणि त्या गोळ्या काढल्याशिवाय क्राउन डायवर दाबू नका. डाय खरवडली जाते, मग क्राउन तिच्यावर बसतो आणि तोंडात बसत नाही.