प्रश्नच चुकीचा आहे असं वाटलं तर: डाउट काउंटरवरून

लातूरला अकरावी-बारावीसाठी किंवा दहावीच्या बॅचला नव्यानं येणाऱ्या मुलांसाठी हे लिहितोय. मी एका क्लासमध्ये गणिताच्या डाउट काउंटरवर बसतो. संध्याकाळी बॅच सुटली की मुलं शीट घेऊन रांगेत उभी राहतात. रोजच्या शीटमध्ये छापण्याची चूक असणं ही नवलाची गोष्ट नाही. शीट घाईत तयार होतात, टाइप करणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा असतो, आणि शेवटी मुलांच्या हातात झेरॉक्सची झेरॉक्स पडते. त्यात दशांशचिन्ह उडतं, वजाचं चिन्ह पुसट होतं, घातांक खाली उतरून x² चं x2 होतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला सेमी-इंग्रजीची शीट मिळाली की मराठी ४ आणि इंग्रजी 8 यांचा गोंधळ होतो, तो वेगळाच. अशा वेळी काय करायचं हे कुणी शिकवत नाही. म्हणून बहुतेक मुलं पर्यायांतलं जवळचं उत्तर गोल करून पुढं सरकतात.

दहावीच्या वर्गसमीकरणांच्या शीटमधला एक प्रश्न सांगतो: ‘एका आयताची परिमिती ४० सेमी व क्षेत्रफळ १२० चौसेमी आहे, तर त्याची रुंदी किती?’ पर्याय होते ८, १०, १२ आणि १५.

बॅचमधल्या बऱ्याच जणांनी १० ला गोल केला होता. कसं काढलं विचारलं की उत्तर एकच: १२ गुणिले १० म्हणजे १२०, त्यातली लहान बाजू १०, म्हणून रुंदी १०. क्षेत्रफळ जुळलं आणि पर्यायही सापडला, त्यामुळे परिमितीकडे कुणी वळून पाहिलंच नाही. १२ आणि १० ची परिमिती ४४ होते, ४० नाही.

औशाकडून रोज एसटीनं येणारी एक मुलगी मात्र वही घेऊन आली आणि म्हणाली, “सर, ह्ये गणित बसंना. मी दोनदा केलं.” तिनं परिमितीवरून लांबी आणि रुंदीची बेरीज २० धरली होती, गुणाकार १२०. समीकरण मांडलं होतं x² − २०x + १२० = ०. विवेचक काढला: ४०० − ४८० = −८०. विवेचक ऋण, म्हणजे वास्तव मुळं नाहीत. तिला वाटत होतं, आपलंच कुठंतरी वजाचं चिन्ह चुकलंय.

तिचं गणित बरोबर होतं. पण ‘मला येत नाही’ आणि ‘हे येऊच शकत नाही’ यांतला फरक आधी पक्का करावा लागतो, आणि त्यासाठी दुसरी वाट लागते. तीच रीत पुन्हा केली तर तीच चूकही पुन्हा होऊ शकते. मी तिला म्हणालो, समीकरण बाजूला ठेव आणि बेरीज २० होईल अशा जोड्या घेऊन क्षेत्रफळं काढ. तिनं खाली लिहिली: १५ आणि ५ चं ७५, १२ आणि ८ चं ९६, ११ आणि ९ चं ९९, १० आणि १० चं १००. बाजू जसजशा एकमेकींजवळ येतात तसं क्षेत्रफळ वाढतं, आणि चौरस झाला की तिथंच थांबतं. म्हणजे ४० सेमी परिमितीचा कुठलाही आयत १०० चौसेमीच्या वर जाणार नाही. १२० चा प्रश्नच येत नाही. दोन वेगळ्या वाटांनी एकच निष्कर्ष निघाला की मग प्रश्नावर बोट ठेवायला हरकत नाही.

मग ती म्हणाली, “मग सर, परिमिती ४४ असंल. दहा लिहू का?” इथंच मी नव्या मुलांना थांबवतो. ४० च्या जागी ४४ घेतलं तर उत्तर १० येतं, हे खरं. पण परिमिती ४० च ठेवून क्षेत्रफळ ९६ केलं तर बाजू १२ आणि ८ येतात, आणि ८ सुद्धा पर्यायांत आहे. दोन्ही दुरुस्त्या तितक्याच शक्य आहेत. पेपर काढणाऱ्याच्या मनात कुठली होती हे शीटवरून कळत नाही.

झालं होतं असं की जुन्या शीटमधला ४४ आणि १२० चा प्रश्न कॉपी करून आकडे बदलले होते. परिमिती बदलली, क्षेत्रफळाचं ९६ करायचं राहून गेलं. उत्तरसूचीत ८ होतं.

चूक कळवायची कशी, यावरही बरंच अवलंबून असतं. ‘सर, १७ वा चुकलाय’ एवढीच चिठ्ठी आली तर ती बाजूला पडते, कारण शीट कुठली, माध्यम कुठलं, काय चुकलंय, काहीच कळत नाही. त्या मुलीनं शेवटी अशी चिठ्ठी दिली: ‘वर्गसमीकरणे शीट ३, मराठी माध्यम, प्रश्न १७. परिमिती ४०, क्षेत्रफळ १२०. विवेचक −८० येतो. परिमिती ४० असताना जास्तीत जास्त क्षेत्रफळ १००. परिमिती ४४ असेल तर उत्तर १०, क्षेत्रफळ ९६ असेल तर ८. कोणतं धरायचं?’ वाचणाऱ्या सरांना पुन्हा गणित सोडवायची गरज पडली नाही. मूळ फाइल उघडून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर दुरुस्ती लिहिली. शीटवर तिनं कुठल्याच पर्यायाला गोल केला नव्हता, प्रश्नापुढं फक्त ‘विचारलं’ असं लिहून ठेवलं होतं. मला ती सवय फार आवडते, कारण महिन्याभरानं उजळणी करताना कळतं की हा प्रश्न का सुटला नव्हता.

काउंटरवर येणारी प्रत्येक तक्रार खरी निघते असंही नाही. ‘लांबी रुंदीपेक्षा २ ने जास्त, क्षेत्रफळ ४८’ या प्रश्नात एक मुलगा −८ बघून प्रश्न चुकीचा म्हणत होता. मुळं ६ आणि −८ येतात. लांबी ऋण नसते म्हणून −८ सोडून द्यायचं, रुंदी ६. हा प्रश्न अगदी ठीक आहे. तसंच ‘मुळांचे स्वरूप ठरवा’ किंवा ‘असा आयत शक्य आहे का?’ असं विचारलं असेल, तर ऋण विवेचक हेच उत्तर असतं. ‘रुंदी किती?’ म्हणणारा प्रश्न आयत आहे असं धरून चालतो, म्हणून तिथं तो दोष ठरतो. आणि काउंटरवर यायच्या आधी शेजाऱ्याची शीट एकदा बघा. त्याच्याकडे आकडा वेगळा दिसत असेल तर दोष तुमच्या झेरॉक्सचा.

बोर्डाच्या परीक्षेत मात्र वेळ थोडा असतो आणि पर्यवेक्षक प्रश्न दुरुस्त करून देऊ शकत नाहीत. तिथं प्रश्न कोरा सोडू नका. २०२३ च्या बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेच्या विभागात प्रश्नांच्या जागी भलतंच छापलं गेलं होतं. बोर्डानं नंतर त्याचे ६ गुण देताना अटी घातल्या, आणि उत्तरपत्रिकेत त्या प्रश्नांचे नुसते क्रमांक टाकलेले असले तरी ते गुण मिळणार होते. म्हणून क्रमांक घाला, समीकरण मांडा, विवेचक काढा, ‘वास्तव मुळे नाहीत, दिलेल्या मापांचा आयत शक्य नाही’ असं लिहा आणि पुढच्या प्रश्नाला लागा. पेपर सुटल्यावर त्याच दिवशी प्रश्नपत्रिका घेऊन शाळेतल्या गणिताच्या सरांना किंवा बाईंना भेटा.