अरबीतला गळणारा ‘न’

अरबीतल्या नियमित अनेकवचनात मूळ शब्द मोडत नाही, मागे शेपूट तेवढं लागतं. मुवज़्ज़फ म्हणजे कर्मचारी. अनेकवचनी कर्ता असेल तर मुवज़्ज़फूना, कर्म असेल किंवा आधी अव्यय असेल तर मुवज़्ज़फीना. तीन विभक्ती आणि रूपं दोनच. शाळेत सात-आठ विभक्ती घोकलेल्यांना हा दिलासाच. स्त्रीलिंगीही तसंच: कर्त्याला मुवज़्ज़फातुन, बाकी सगळीकडे मुवज़्ज़फातिन. एकवचनाच्या सवयीने कर्माला ‘आतन’ लावावंसं वाटतं, पण तसं रूपच नाही.

मालकी आली की घोळ सुरू होतो. मी भाषांतराला लागलो तो आखाती कंपन्यांच्या परिपत्रकांपासून. त्यांची सुरुवात ठरलेली असते: ‘इला जमीइ मुवज़्ज़फिश्शरिका’, म्हणजे कंपनीच्या सर्व कर्मचाऱ्यांना. मुळातलं मुवज़्ज़फीना, पण पुढे मालक (अश्शरिका, कंपनी) आला, म्हणून शेवटचा ‘न’ गळला. लिहिताना मागे ‘या’ हे अक्षर उरतं, उच्चारात मात्र पुढच्या जोडाक्षरामुळे दीर्घ ई ऱ्हस्व होते. छापील अरबीत स्वरचिन्हं नसल्याने हेच लेखन ‘माझा कर्मचारी’ असंही वाचता येतं. अशा वेळी मी पुढचा शब्द बघतो. लगेच मालक दिसला तर ‘कंपनीचे कर्मचारी’, नाही तर बहुतेक ‘माझा’.

‘न’ गळतो तो ज्याच्यावर मालकी आहे त्याचा, मालकाचा नाही. मराठीत ‘कंपनीचे’ म्हणताना बदलतो मालक, त्यामुळे आपली नजर नेमकी चुकीच्या शब्दावर जाते. ‘हुकूकुल मुवज़्ज़फीन’ म्हणजे कर्मचाऱ्यांचे हक्क. इथे कर्मचारी हेच मालक, म्हणून ‘न’ शाबूत. ‘रब्बिल आलमीन’ म्हणजे सर्व जगांचा प्रभू, तिथेही तेच. स्त्रीलिंगी अनेकवचनात गळायला असा ‘न’ नाहीच, फक्त तुन-तिनमधला अनुनासिक जातो: मुवज़्ज़फातुश्शरिका.

कानाने ऐकताना जास्त फसगत होते. ‘जाआ मुवज़्ज़फुश्शरिका’ म्हणजे कंपनीचा कर्मचारी आला की कर्मचारी आले? दोन्ही. क्रियापद कर्त्याच्या आधी आलं की कर्ते कितीही असोत, ते एकवचनीच राहतं. आणि अनेकवचनाचा दीर्घ ऊ ‘श्श’पुढे ऱ्हस्व होतो. कागदावर त्या ऊचं ‘वाव’ हे अक्षर दिसलं तरच उलगडा. श्रुतलेखनात इथे मागचं-पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय पेन टेकवू नका.

आणि शेवटी ‘ईन’ दिसलं म्हणून लगेच कात्री चालवायची नाही. बसातीन (बागा) हे बुस्तानचं मोडून झालेलं अनेकवचन. त्यातला ‘न’ शब्दाचा स्वतःचा, त्यामुळे शहराच्या बागा म्हणजे बसातीनुल मदीना. एकवचनात ‘न’ आहे का, एवढं पाहिलं की अशा शब्दांपैकी बरेचसे ओळखू येतात.

लिहिताना आणखी एक: क्रियापदाच्या ‘ऊ’नंतर न उच्चारला जाणारा अलिफ लिहितात, म्हणून हात इथेही तो लिहायला जातो. आजच्या लेखनात नामाच्या या ‘वाव’नंतर अलिफ येत नाही. कुराणाच्या पारंपरिक लेखनात मात्र ‘मुलाकू रब्बिहिम’सारख्या ठिकाणी तो दिसतो, त्यावरून परिपत्रक लिहू नये.